परीक्षक क्रमांक सतराविरुद्ध तक्रार

मला शाळेत तिखट बाई म्हणतात. मुलं पाठीमागे म्हणतात, शिक्षक तोंडावर. नागरिकशास्त्र शिकवते, बावीस वर्षं झाली. पण त्या दिवशी जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कधी चिडले नव्हते, आणि त्यातला निम्मा राग माझाच माझ्यावर होता.

बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासायला आम्ही चाळीस जण एका शाळेच्या हॉलमध्ये बसलो होतो. पंचवीस पेपरांचा एक गठ्ठा. नावाच्या जागी चिकटपट्टी, वर फक्त आकडा. आम्ही लाल पेनाने तपासायचं, गठ्ठ्यावर सही करायची आणि तो पुढच्या टेबलावर द्यायचा. त्या टेबलावर मुख्य नियामक, म्हणजे आमचे मोठे सर. ते हिरव्या पेनाने दोन-चार पेपर पाहणार आणि गठ्ठा लोखंडी कपाटात टाकणार. सही झालेला गठ्ठा परत उघडत नाहीत.

सातवा प्रश्न चार गुणांचा होता. ‘सरकारी पैशावर लक्ष ठेवणारे लेखापरीक्षक, भ्रष्टाचारविरोधी संस्था आणि लोकपाल यांची कामे वेगळी का ठेवतात? थोडक्यात लिहा.’ सकाळी हातात पडलेल्या उत्तरसूचीत लिहिलं होतं: ‘तिघांचे काम एकच, भ्रष्टाचाऱ्यास पकडून शिक्षा करणे. तिन्ही सरकारच्या हाताखाली असतात.’ मी ते वाचलं. अहो, वर्गात मी दरवर्षी याच्या बरोबर उलटं शिकवते! तरी तपासताना डोकं बाजूला ठेवायचं आणि सूचीप्रमाणे गुण द्यायचे, ही आमची सवय. सूचीत आहे ना, मग झालं. दुपारपर्यंत गठ्ठा संपवला, सही ठोकली, चहा प्यायले.

दुसऱ्या गठ्ठ्यातला तिसरा पेपर हातात आला. सातव्या प्रश्नाला कुणीतरी लिहिलं होतं:

‘लेखापरीक्षक शिक्षा करत नाही. पैसे ज्यासाठी मंजूर झाले त्यासाठीच गेले का आणि नियमाने गेले का, हे तपासून तो लोकप्रतिनिधींच्या सभागृहाला अहवाल देतो. चोरी दिसली तर भ्रष्टाचारविरोधी संस्था तपास करते, पण शिक्षा न्यायालय देते. लोकपालाकडे साधा माणूस तक्रार घेऊन जातो, तो ऐकून चौकशी करतो आणि काय दुरुस्त करावे ते कळवतो. तिघे वेगळे आणि स्वतंत्र हवेत. ज्याला तपासायचे तोच नेमणार आणि तोच काढणार असेल तर तपासणारा घाबरेल. आमच्या शाळेत पाण्याची टाकी बांधली असे हिशेबात आहे. टाकी नाही. कुणीतरी बाहेरून येऊन टाकी दाखवा म्हटले पाहिजे.’

सूचीप्रमाणे याला शून्य. माझं लाल पेन वर गेलं आणि तिथंच थांबलं, कारण मला सकाळचा एक पेपर आठवला. अक्षर उजवीकडे झुकलेलं. त्यातही ‘शिक्षा न्यायालय देते’ असं होतं. मी त्यावर रेघ मारून शून्य दिलं होतं आणि एकूण सव्वीस लिहिले होते. पास व्हायला अठ्ठावीस लागतात.

दोन गुणांनी एक मूल नापास झालं होतं, आणि ते बरोबर उत्तर लिहून. माझ्या हाताने!

तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला पेपर घेऊनच मी मोठ्या सरांच्या टेबलाशी गेले.

“सर, सूची चुकली आहे. सकाळचा माझा गठ्ठा द्या.”

“बाई, सूची मी तयार केली आहे.”

“म्हणूनच सांगते ना तुम्हाला.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी माझ्या हातातला पेपर घेतला, वाचला आणि टाकीच्या ओळीवर बोट ठेवलं. “यात शाळेची ओळख दिली आहे. हे गैरप्रकाराचं प्रकरण होऊ शकतं.”

“कुठली ओळख? कागदावर टाकी असलेल्या शाळा मोजायला बसलात तर निवृत्त व्हाल!”

“सूचीवर आक्षेप असेल तर लेखी द्या,” ते थंडपणे म्हणाले. “मुख्य नियामकामार्फत.”

“म्हणजे तुमच्यामार्फत, तुमच्याविरुद्ध?”

“नियम आहे.”

उत्तर यांनी लिहायचं, तपासलेलं यांनी पाहायचं, चूक झाली तर तक्रारही यांनीच ऐकायची! आणि प्रश्न कशावर, तर स्वतंत्र तपासणीवर. लाज कशी वाटत नाही? मी हे सगळं मोठ्याने बोलले. हॉलमधले एकोणचाळीस जण खाली मान घालून लाल पेनं चालवत राहिले. माझ्या शेजारची बाई पदर ओढून पुटपुटली, “बसा हो. कशाला नसती भानगड? पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत.”

मी बसले नाही. भिंतीवर नियमांचं परिपत्रक चिकटवलेलं होतं, दरवर्षी असतं आणि कुणी वाचत नाही. मी चष्मा लावून ते पहिल्यापासून वाचलं. अकरावं कलम: उत्तरसूचीवरील आक्षेप मुख्य नियामकामार्फत. बारावं कलम: परीक्षकाच्या चुकीविरुद्ध तक्रार थेट परीक्षा नियंत्रकांकडे, आणि तिची चौकशी दुसऱ्या केंद्रावरचे परीक्षक करतील.

मी पर्स उचलली. बोर्डाचं ऑफिस दोन रस्ते पलीकडे होतं. आवक खिडकीवरच्या कारकुनाने माझा अर्ज वाचला, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तक्रार कोणाविरुद्ध?”

“परीक्षक क्रमांक सतरा.”

“तक्रारदार?”

“परीक्षक क्रमांक सतरा.”

“बाई, थट्टा करताय का?”

“शिक्का मारा. मी चुकीचं तपासलंय, माहीत असून तपासलंय. आता दुसऱ्या कुणीतरी तपासावं, मी नाही.”

त्याने शिक्का मारला. काय करणार बिचारा, अर्जात उणं काढायला जागाच नव्हती.

आठ दिवसांनी दुसऱ्या केंद्रावरचे दोघे आले, कपाट उघडलं, गठ्ठे काढले. त्यांनी अहवालात लिहिलं की परीक्षकाने सूचीप्रमाणेच तपासले, सूचीच चुकीची आहे. मग सातवा प्रश्न सगळ्याच केंद्रांवर पुन्हा तपासायचा हुकूम निघाला. हॉलमधले तेच एकोणचाळीस जण परत बोलावले गेले आणि मला शिव्या देत बसले. झुकलेल्या अक्षराला चारांपैकी तीन मिळाले. एकूण एकोणतीस. पास.

मुलगा की मुलगी, मला आजही माहीत नाही. त्या मुलाला माझं नाव कधी कळणार नाही, आणि कळून तरी काय, नापास मीच केलं होतं.

काल मला बोर्डाचं पत्र आलं. चुकीच्या सूचीबद्दल मुख्य नियामकांना समज देण्यात आली आहे. आणि चुकीचे आहे हे माहीत असूनही गठ्ठ्यावर सही केल्याबद्दल परीक्षक क्रमांक सतरा यांना तीन वर्षं तपासणीच्या कामातून वगळण्यात येत आहे. मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा संतापले. दुसऱ्यांदा वाचल्यावर माझ्याबद्दलचा भाग खोडायला मला एकही शब्द सापडला नाही. मुख्य नियामकांना मात्र नुसती समज, आणि त्यांच्याविरुद्धचा आक्षेप त्यांच्याच हातात द्यायला लावणारं अकरावं कलम अजून तसंच आहे. त्यासाठी दुसरा अर्ज लिहिलाय. उद्या खिडकी उघडायच्या आधी मी तिथं उभी असेन.