घर जळालं, भट्टी उरली

मित्रांनो, मी एक जुनी मातीची भट्टी आहे. स्मोलेन्स्कहून मॉस्कोला जाणाऱ्या हमरस्त्यालगत आमचं गाव. दगडी पायावर ओली माती बडवून शेजाऱ्यांनी मला एका दिवसात उभं केलं. मला धुरांडं नव्हतं, पण पोट ऐसपैस. त्यात काळे पाव भाजले जात आणि थंडीत माणसं आत बसून अंघोळही करत. माझ्या पाठीवर म्हातारी फेवरोनिया झोपायची.

तिची सून उस्तीन्या. नवरा सैन्यात असताना तिला मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच. लुकेर्या. बोटं काडीसारखी, रडण्याचंही बळ नाही. असं मूल आईच्या पोटात कच्चं राहिलं म्हणतात आमच्याकडे, आणि भट्टीत पुन्हा भाजून काढतात. घाबरू नका! पाव काढल्यावर मी कोमट उरते, तेव्हाच. फेवरोनियाने नातीला कणकेत गुंडाळून पावाच्या लांब फावड्यावर ठेवलं आणि अलगद आत सरकवलं.

दाराबाहेरून उस्तीन्याने रीतीप्रमाणे विचारलं, "काय भाजताय, सासूबाई?"

"अशक्तपणा भाजतेय."

"मग असा भाजा, की पुन्हा तोंड दाखवायला नको!"

तीनदा आत, तीनदा बाहेर. तिसऱ्या खेपेला पोरगी अशी भोकाड पसरून रडली, की दोघी हसत सुटल्या. मी आयुष्यात भाजलेली सर्वांत गोड वस्तू ती.

त्याच उन्हाळ्यात फ्रेंचांचा बादशहा लाखोंची फौज घेऊन आला. आमचं सैन्य मात्र मागे मागेच येत राहिलं.

"काय रे, पाठच दाखवत राहणार का?" फेवरोनियाने पाणी प्यायला थांबलेल्या शिपायाला टोमणा मारला.

"आजी, त्याला एकच मोठी लढाई हवीय. ती द्यायची नाही, आत आत ओढायचं. त्याच्या पिठाच्या गाड्या मागेच रुतल्यात. आता तो वाटेतल्या कोठारांवर जगणार."

"म्हणजे आमच्या?"

शिपायाने पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि तो रस्त्याला लागला.

उत्तर घेऊन आमच्याच सैन्याचे कोसॅक स्वार आले, हातात पेटते पलिते. तेव्हा माझ्या पोटात पाव होते. उस्तीन्या दारात आडवी उभी राहिली. "पाव भट्टीत असताना दारही आपटत नाहीत, बाबा!"

त्यांच्या नायकाने टोपी काढली. "होऊ दे, ताई. आम्हीही आईच्याच हातचं खाऊन मोठे झालो."

पाव निघाले आणि मग घर पेटलं. काळ्या पावाचं नुकतंच कापलेलं धान्य, राय, गवताच्या गंजी, खळं, सगळंच. विहिरीत शेण नि ओंडके लोटले. गुरं हाकत गाव रानात गेलं. छप्पर माझ्यावर कोसळलं, आणि त्या आगीने माझी माती विटेसारखी पक्की झाली. घर नाही, मी उरले.

शत्रू आला तेव्हा त्याला राख मिळाली. भुकेल्या घोड्यांनी शेतातलं ओटचं हिरवं पीक खाल्लं, पोटं फुगून ते पटापट मेले. घोडे गेले तशा गाड्या अडल्या, भूक वाढली. धान्य शोधायला टोळ्या दूर दूर जात. कित्येक परतल्या नाहीत. कोसॅक होते, गावकऱ्यांची दाताळी होती. वाटेतली ठाणी राखायला माणसं ठेवत ठेवत फौज पातळ झाली. पुढे मॉस्कोही त्याला जळकंच मिळालं, असं मी ऐकलं.

बर्फ पडलं नि फ्रेंच परत आले. दक्षिणेची, धान्याने भरलेल्या गावांची वाट आमच्या सैन्याने अडवलेली. म्हणून याच जळक्या रस्त्याने. घोड्यांना बर्फातले नाल नव्हते. ते घसरून पडत, आणि माणसं त्यांनाच खात. तोफा खड्ड्यांत टाकलेल्या. काहीजण माझ्या आडोशाला टेकले. एक कोवळा शिपाई माझ्या पोटात शिरला आणि तिथेच गोठला.

मग एका सकाळी उस्तीन्या आली. रानात खड्डे खणून राहिलेलं गाव उपाशी होतं. जाळलेलं धान्य आपलंही असतं ना! फेवरोनियाने आपला घास सुनेला देत देत डोळे मिटले होते. आता सुनेचं दूधही आटलेलं. उराशी लुकेर्या, पुन्हा काडीसारखी.

"सरक रे, राजा," ती त्या मेलेल्या पोराला म्हणाली. "तुझीही आई वाट बघत असेल." त्याला ओढून काढून तिने त्याचा चेहरा झाकला. फांद्या पेटवल्या.

पण मित्रांनो, मी गोठले होते. भिंती नाहीत, छप्पर नाही, वारा ऊब पळवून नेत होता. मी जीव तोडून तापले. कोमट झाले तेव्हा सूर्य कलला होता. फावडं जळून गेलेलं. तिने हातांनीच लेकीला आत धरलं.

"काय भाजताय, सासूबाई?"

कोण बोलणार? मग तीच म्हणाली, "अशक्तपणा भाजतेय."

तीनदा. लुकेर्या रडली नाही.

वसंतात घंटा वाजल्या. आपण जिंकलो, म्हणाले सगळे. खरंच जिंकलो, एवढी मोठी फौज आमच्या रिकाम्या रस्त्यांनी गिळली. माझ्याभोवती नवं घर उभं राहिलं, त्यात पाळणा नव्हता. पाव सरकवण्याआधी उस्तीन्या आजही माझ्या पोटात हात फिरवते, तिथे काही राहिलंय का, बघितल्यासारखा.

मित्रांनो, सैन्य मागे सरलं असं वाचाल, तेव्हा मधल्या जागेत कुणाचं तरी स्वयंपाकघर होतं, एवढं आठवा. आणि तुमच्या घरातली ऊब जपा. मातीला गार व्हायला एक रात्र पुरते. तापायला किती वेळ लागतो, ते मला विचारा.