तोंड फाकलेला हूक

त्या रविवारी दुपारी मी भद्रावतीच्या घरी स्लाइड्स करत होते. चंद्रपूरच्या पॉलिटेक्निकमध्ये मी शिकवते. दुसऱ्या दिवशी मुलांना स्ट्रेस-स्ट्रेनचा आलेख पहिल्यांदाच दाखवायचा होता. अब्बा वर्कशॉपमधून आले. हातात जड सामान उचलायच्या चेन पुलीचा हूक होता, तोंड दोन सुतं, म्हणजे पाव इंच, फाकलेलं.

"हे डोंगर कशाचे काढून राह्यली, मास्तरीण?"

"पोलादाची सळी ओढली तर काय होतं, त्याचे. इथपर्यंत रेघ सरळ. सोडलं की सळी पुन्हा होती तेवढी होते. हा यील्ड पॉइंट. याच्या पुढे लांबली ती लांबलीच."

"मंग पुढं रेघ अजून वर काऊन चालली?"

"लांबताना पोलाद कडक होत जातं. हे शिखर, अल्टिमेट. सळी पेलेल असा सगळ्यात मोठा भार."

अब्बांनी हूक नाचवला. "म्हणजे यील्ड झाल्यावर ताकद वाढते! आपला हा पहिलवान झाला. तापवतो, दोन हातोडे मारतो, तोंड बंद. उद्या मोटर उचलायची हाये."

मला हसू आलं. "आलेखात तरी वाढते," म्हणाले आणि तुटण्याची स्लाइड करायला घेतली. फाकलेला हूक मोडीतच काढायचा असतो, हे मला माहीत होतं. पण सांगितलं असतं तर वाद झाला असता, आणि स्लाइड्स राहिल्या असत्या.

सोमवारी हूक तुटला. अब्बा मोटरखाली लाकडी ठोकळा सरकवत होते.

दफनानंतर त्यांचे वर्कशॉपमधले जोडीदार रोशनभाऊ माझ्याजवळ बसले. "सकाळी लई खूश होते ते. म्हणे, माझ्या पोरीनं हूक पास केला." मी त्यांच्यासमोर चहा ठेवला.

वीस दिवसांनी तो राहिलेला तास घेतला. शिखरानंतर सळी एका जागी बारीक होते, कमी कमी भार पेलते आणि तुटते, इथपर्यंत नीट बोलले. मग मयुरीने हात वर केला.

"मॅडम, यील्डनंतर रेघ वर जाते ना? मंग वापरताना भार यील्डच्या खालीच काऊन ठेवायचा?"

"ही रेघ एका नव्या सळीची आहे, मशीनवर सावकाश, सरळ ओढलेल्या. वापरातला हूक फाकला म्हणजे तो यील्डच्या पुढे जाऊन आलाय. आत चीर असेल, तर बाहेरून दिसेलच असं नाही. ठोकून तोंड बंद होतं, चीर तशीच राहते."

मुलं लिहून घेत होती. मी थांबले नाही.

"असा हूक मोडीत टाकायचा. माझ्या अब्बांनी मला असाच एक दाखवला होता. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."