फोटो काढा

औषधांच्या ॲपची नवी आवृत्ती आली की दोन टिपणं लिहावी लागत. एक ग्राहकांसाठी, ॲपमध्ये दिसणारं. दुसरं फोन उचलणाऱ्या सपोर्टच्या लोकांसाठी. दोन्ही वर्षानुवर्षं ताईच लिहीत. मग आली ती नवी मुलगी. किलबिल फार, म्हणून नाव पडलं चिमणी. साहेबांनी ग्राहकांचं टिपण तिला देऊन टाकलं.

आणि लोकांना ते आवडलं! सपोर्टचे दादा पूर्वी ताईंच्या टेबलाशी चहा घेत, ते आता चिमणीच्या टेबलाशी उभे राहून म्हणत, "काय सोपं लिहितेस गं!" ताईंच्या पोटात दुखायला एवढं पुरे होतं. आपल्या लिखाणाला दादा कधी सोपं म्हणाले होते? ताई आठवत बसल्या. आठवलं नाही, त्यामुळे आणखीच जळफळाट झाला.

या वेळी ग्राहकाला डॉक्टरांच्या चिठ्ठीचा जुना फोटो ॲपमधून हटवण्याची सोय आली होती. चिमणीनं लिहिलं, "आता चिठ्ठीचा फोटो काढा, एका बोटानं!" बटणावरही तेच शब्द होते, 'फोटो काढा'. टिपण तपासायला ताईंकडे आलं. वाचताच त्यांच्या लक्षात आलं, लोकांना वाटणार कॅमेरा उघडेल, ते बटण दाबतील आणि असलेला फोटोही जाईल. 'काढा'च्या जागी 'हटवा' हवं, बस. लिहायला हात पुढे झालाही होता. तेवढ्यात पलीकडून दादांचं हसणं ऐकू आलं. ताईंनी लिहिलं, "ठीक आहे."

पण सपोर्टचं टिपण स्वतःचं होतं, ते कच्चं कसं राहू द्यायचं? त्यात त्यांनी चोख लिहिलं: 'फोटो काढा' म्हणजे हटवणे, कॅमेरा उघडत नाही. गेलेला फोटो 'हटवलेले'मध्ये सापडेल, तिथून परत आणायला सांगा.

आवृत्ती सकाळी ग्राहकांकडे गेली आणि फोनांचा भडिमार सुरू झाला. "अहो, फोटो काढायला गेलो तर चिठ्ठीच गायब!" सपोर्टच्या लोकांनी ताईंचं टिपण उघडून एकेकाचा फोटो परत आणून दिला. दुपारी दादा आले, थेट ताईंच्या टेबलाशी. मागोमाग रडवेली चिमणी.

"तुमच्या टिपणानं वाचलो," दादा म्हणाले.

ताईंना इतका आनंद झाला की त्या चटकन बोलून गेल्या, "अहो, मला वाचतानाच कळलं होतं!"

चिमणीनं डोळे पुसले. "वाचताना? माझं टिपण वाचताना, ताई? पण तुम्ही तर 'ठीक आहे' म्हणालात."

दादांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"दादा," चिमणी हळूच म्हणाली, "यापुढे माझं टिपण तुम्हीच तपासाल का?"

"आण," दादा म्हणाले, आणि तिच्याबरोबर निघून गेले.