गेनूआबांचा अर्ज, शुद्ध मराठीत

गेनूआबांची राख कंपनीच्या गेटातून आत गेली आणि ठरल्या जागी पोचली. आता हे झालंच नाही असं धरून चालू. कंपनीच्या लेखी ते झालेलं नाही, आणि रविराजची नोकरी अजून तिथंच आहे.

तर, झालं नाही ते असं.

रविराज हा आबांचा नातू. चाकणच्या एका कंपनीत तो गाड्यांना दरवाजे बसवतो. ही कंपनी उभी आहे आबांच्याच वावरावर. जमीन गेली तेव्हा तो बालवाडीत होता. तिच्या पैशातून पिंपळे सौदागरला फ्लॅट आला आणि आबा सातव्या मजल्यावर राहायला गेले. तिथं ते गॅलरीतून खाली बघत बसायचे. खाली पार्किंग होतं.

आबा गेले. सावडून आणलेली राख कलशात भरून गॅलरीत टांगली. इंद्रायणीत सोडायचं ठरलं होतं, तेवढ्यात उशीखाली पत्र सापडलं. रविराजच्या वडिलांनी ते वाचलं, "तुझीच कंपनी आहे, तूच बघ" म्हणाले आणि टीव्ही लावला.

पत्रात होतं ते एवढंच:

"माजी राख नदीत घालू नका. आपल्या वावरात, थळाच्या खालल्या अंगाला, थारोळ्यापसून आईच्या हाकंच्या टप्प्यात, जितं आमी दारं मोडायचो तितं ठिवा. झाड लावा. न्हाई लावलं तरी चालतंय."

रविराज ते घेऊन ॲडमिनच्या स्वरूपा मॅडमकडं गेला. मॅडमनी पत्र दोनदा वाचलं.

"सॉरी फॉर युअर लॉस. पण हे नक्की कुठं ठेवायचंय?"

"तेच लिहिलंय त्यात."

"मला यातलं 'राख' आणि 'झाड' कळलं. हे शुद्ध मराठीत लिहून आण. मी त्याचं इंग्लिश करून वर पाठवते. जागा स्पष्ट पाहिजे, नाहीतर साहेब विचार तरी कशाचा करणार?"

रविराजला रडू आलं नव्हतं, अजूनही येत नव्हतं. काम मिळाल्यावर बरं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मोबाईल समोर ठेवून भाषांतर केलं. थळ म्हणजे स्थळ. थारोळं म्हणजे मोबाईलच्या मते रक्ताचं असतं. शेवटी अर्ज तयार झाला तो असा: स्थळाच्या खालच्या शरीराला, रक्ताच्या थारोळ्यापासून जवळ, जिथे आम्ही दरवाजे तोडत असू.

मॅडमनी अर्ज वाचून केबिनचं दार लावून घेतलं.

"रविराज, आजोबांवर काही केस वगैरे होती का?"

"नाही हो. शेती करायचे."

"मग दरवाजे कोणाचे तोडायचे?"

हे त्यालाही माहीत नव्हतं. दिवसभर दरवाजे बसवणाऱ्या माणसाच्या घराण्यात हे असावं, याचंही त्याला काही वाटलं नाही. त्यानं यूटिलिटीवाल्यांकडून प्लांटच्या नकाशाची एक प्रत मागून घेतली आणि घरी आला. आबांच्या दिवसकार्यासाठी त्यांची धाकटी बहीण पुतळाबाई येऊन राहिली होती. त्यानं पत्र वाचून दाखवलं.

"दारं मोडायची म्हंजी पानी फिरवायचं रं मुडद्या. एक वाफा भरला की त्याचं त्वांड मातीनं बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं. कंपनीत काय शिकिवत्यात तुमाला?"

"दरवाजे बसवायला."

"आन थळ म्हंजी हिरीवर मोट चालती ती जागा. मोट वर आली की ज्या दगडी हौदात वतायची, त्ये थारोळं. रगात कुटलं आनलंस?"

रविराजनं लिहून घेतलं. नकाशावर 'बुजवलेली विहीर' म्हणून एक गोल सापडला. त्यावर आता कॉम्प्रेसर होता. म्हणजे थळ आणि थारोळं तिथंच.

"आणि खाललं अंग?"

"उतारानं पानी जातं त्ये."

उतार कंपनीनं ठेवला नव्हता. सगळी जमीन सपाट केली होती. पण पावसाचं पाणी सपाटीला जुमानत नाही. नकाशात त्याच्या गटारांचे बाण होते, आणि सगळे एकाच बाजूला धावत होते. पुतळाबाईनं कागद हातात घेतला, फिरवला, उगवतीकडं धरला आणि बाणावर बोट ठेवलं. "ह्ये बघ खाललं अंग. आमचा कांदा हितं व्हायचा."

राहिली आईची हाक.

"किती लांब जायची?"

"आता त्ये कसं सांगू? वराडल्याबिगर कळतंय व्हय?"

दोघं लिफ्टनं पार्किंगमध्ये उतरले आणि सोसायटीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर गेले. पुतळाबाईनं पदर खोचला, तोंडाला हात लावले, आणि आपल्या मेलेल्या आईच्या आवाजात मेलेल्या भावाला हाक मारली, "गेन्याऽऽ, भाकर खायला यंऽऽ."

रविराज मोबाईल हातात धरून लांब लांब चालत राहिला. बाल्कन्यांत माणसं बाहेर आली. हाका येत होत्या, बारीक होत होत्या. मग हाक ऐकू आली की नुसतीच वाटली ते कळेना, तिथं तो थांबला आणि अंतर मीटरमध्ये टिपून घेतलं. परत आला तेव्हा पुतळाबाई कठड्यावर बसली होती.

"आला का न्हाई?" तिनं विचारलं.

"आलो की."

"तू न्हाई रं," ती म्हणाली आणि लिफ्टकडं गेली.

दुसऱ्या दिवशी नवा अर्ज गेला. बुजवलेल्या विहिरीपासून पर्जन्यजल वाहिनीच्या उताराच्या दिशेने, इतके मीटर. मॅडमनी पट्टी लावून नकाशावर खूण केली. ती बरोबर असेंब्ली पॉइंटवर पडली. आग लागली, गॅस सुटला, की सगळ्यांनी धावत येऊन उभं राहायची ती हिरवळ.

"किती छान लिहिलंयस," मॅडम मनापासून म्हणाल्या. "आता एकदम क्लिअर आहे."

संध्याकाळपर्यंत वरून उत्तर आलं. जागा क्लिअर असल्यामुळं नकारही क्लिअर होता. असेंब्ली पॉइंट मोकळा ठेवणं बंधनकारक आहे. आबांच्या भाषेत होतं तोवर कुणाला नाही म्हणता येत नव्हतं. नाही म्हणता येईल इतकं शुद्ध रविराजनंच करून दिलं होतं.

हे त्याला बसमध्ये कळलं. कळल्यावर तो दोन स्टॉप पुढं गेला आणि चालत मागं आला.

सकाळी गेटवर गोरक्ष होता. बीडकडचा माणूस, सिक्युरिटीत लागून वर्ष झालं होतं. त्यानं रविराजच्या बॅगेतला स्टीलचा डबा काढला, उघडला, बघितला आणि हळूच लावला.

"कोण?"

"आबा."

"पास न्हाई?"

"नामंजूर झाला."

मागं लाईन लागली होती. गोरक्षनं वही ओढली. "परत न्यायचेत का?"

"नाही."

"मंग नॉन-रिटर्नेबल. सामानाचं नाव काय टाकू भाऊ?"

"खत टाका."

"लॉनसाठी?"

"लॉनसाठी."

"बरोबर हाय," गोरक्ष म्हणाला आणि सही घेतली.

चहाच्या सुट्टीत रविराजनं हिरवळीच्या कडेला माती उकरली, डबा ओतला, बाटलीतलं पाणी घातलं आणि माती सारखी केली. काही वाटेल म्हणून तो थोडा वेळ थांबला. सुट्टी संपली. तो जाऊन दरवाजे बसवू लागला.

त्याच आठवड्यात मॉक ड्रिल झालं. भोंगा वाजला, सगळी कंपनी धावत येऊन आबांवर उभी राहिली. स्वरूपा मॅडमनी हजेरी घेतली, गेटच्या आकड्याशी ताळा केला आणि जुळला म्हणून जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रविराजचे हात वर आलेच नाहीत. जुळायला नको होता, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं.

रात्रीच्या जेवणाआधी त्यानं तिसरा अर्ज लिहिला. या वेळी शुद्ध मराठीसाठी मोबाईल बघावा लागला नाही.

"प्रति, ॲडमिन विभाग. विषय : आपत्कालीन सरावातील हजेरीबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून कळवितो की, असेंब्ली पॉइंट येथील मूळ शेतकरी कै. गेनू धोंडिबा कड यांची गणना दिनांक ७ च्या सरावात अनवधानाने राहून गेली आहे. तरी यापुढील प्रत्येक सरावात त्यांचा समावेश करण्यात यावा. भोंगा वाजण्यापूर्वीपासूनच ते जागेवर उपस्थित असतात, त्यामुळे त्यांच्या नावापुढे उशिराची खूण करू नये. तसेच त्यांचे नाव पुकारताना ते 'गेन्या' असे, लांबवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुकारण्यात यावे, ही नम्र विनंती."