अडतीस खोकी

स्पर्धेची पोस्ट मी तीन वेळा लिहिली आणि तीन वेळा खोडली. नियम जितके कमी तितके लोक जास्त, हे मला ठाऊक होतं. शेवटी बेकरीच्या पेजवर टाकली ती अशी:

‘जिंका अर्ध्या किलोचा केक, अगदी मोफत. १) आमचं पेज फॉलो करा. २) ही पोस्ट लाइक करा. ३) कमेंटमध्ये तुमचा आवडता केक लिहा आणि दोन मित्रमैत्रिणींना टॅग करा. एका व्यक्तीची एकच कमेंट धरली जाईल. मुदत शनिवारी रात्री आठपर्यंत. विजेता एकच, चिठ्ठी टाकून. नाव रविवारी संध्याकाळी सहा वाजता याच पेजवर. केक बुधवारपर्यंत दुकानातून घेऊन जावा. बक्षिसासाठी आम्ही कोणाकडूनही पैसे मागत नाही.’

यात कुठे काही अवघड आहे? माझ्या मते नव्हतं.

पण दुकान माझ्या सासऱ्यांचं आहे आणि तिथे एकच नियम चालतो. गिऱ्हाइकाने केकचं नाव घेतलं की ते लाल वहीत चढतं. गेल्या महिन्यात वहीत चार नावं चढली. शेजारच्या औषधवाल्याला दुकान वाढवायला आमचा गाळा हवा होता आणि त्याने रविवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. सासरे, म्हणजे बाबा, म्हणाले होते, “तुझं ते काय आहे ते करून बघ. नाहीच काही झालं तर देऊन टाकू.” म्हणून तर मी पोस्ट लिहीत बसले होते.

रविवारी सकाळी दुकानात पाऊल टाकलं तर काउंटरवर खोकी. भट्टीच्या कट्ट्यावर खोकी. फ्रिजवरसुद्धा. सगळी घडी घालून तयार.

“बाबा, हे काय?”

“मोज. अडतीस आहेत,” बाबा म्हणाले. त्यांनी दाढीसुद्धा केली होती. “उद्या पहाटे भट्टी लावतो.”

लाल वही उघडी होती. दुकानाच्या फोनवरून कमेंट बघून त्यांनी एकूण एक नाव उतरवून काढलं होतं. ‘केकवेडी: चॉकलेट.’ ‘झोपाळू सिंह: अननस.’ पुढे कंसात, ‘सोबत दोघे, म्हणजे तीन माणसं. अर्धा किलो पुरेल.’ टॅग केलेल्या मैत्रिणीही त्यांनी जेवायला बसवल्या होत्या.

मी कपाळावर हात मारून घेतला. “बाबा, या ऑर्डरी नाहीत. स्पर्धा आहे. एकालाच केक मिळणार, तोही फुकट.”

“तूच लिहिलंस ना, तुमचा आवडता केक लिहा म्हणून? याला ऑर्डर नाही तर काय म्हणतात?”

लिहिलं तर मीच होतं आणि त्याचाच संताप जास्त आला. “निदान विचारायचं तरी मला!”

बाबांनी चष्मा पुसला. मग सावकाश म्हणाले, “औषधवाल्याला मी काल नाही म्हणून आलो.”

मी स्टुलावर बसले. चूल माझीच, लाकूडही माझंच, आता ओरडायचं कुणावर? नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “तुम्ही दोघं बघा.” हे त्याचं ठरलेलं वाक्य आहे.

बरोबर सहा वाजता मी फोन उभा करून थेट व्हिडिओ लावला. मैद्याच्या चाळणीत अडतीस चिठ्ठ्या टाकून बाबांनी एक उचलली. झोपाळू सिंह, अननस. मी नाव पेजवर टाकलं, अभिनंदन लिहिलं, त्या नावामागच्या मुलीला निरोपही पाठवला. बाबांनी वहीत तिच्या नावापुढे खूण केली आणि बोट खालच्या नावावर ठेवलं.

“यांचं काय?”

“कोणी येणार नाही, बाबा.”

“विचार तरी. न विचारता कसं खोडू?”

चिडतच मी सदतीस जणांना एकच निरोप धाडला. ‘तुमचं नाव निघालं नाही. पण तुम्ही सांगितलेला केक नेहमीच्या दरात बनवून देऊ. हवा आहे का?’ काहींनी नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं. एकीने हसणारं तोंड पाठवलं. बाकीच्यांनी निरोप वाचला आणि सोडून दिला. साडेसातपर्यंत दोघांनी हो म्हटलं.

बाबांनी त्या दोन नावांपुढे खूण केली. मग तीन खोकी बाजूला ठेवून उरलेली एक एक करून उलगडली आणि चपटी करून गठ्ठ्यात रचली. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो हलकेच बाजूला सारला.

“औषधवाल्याला फोन लाव,” ते म्हणाले. “चुकलो म्हणावं. घे गाळा.”

मी फोन हातात घेतला. नंबर लावायचं धैर्य होईना.

“पण गुरुवारी ये म्हणावं,” बाबा म्हणाले. “बुधवारपर्यंत आपल्याकडे तीन केक आहेत.”