लॅपटॉपवर आलेल्या चपला

आफरीननं अब्बांचा फोन आपल्या लॅपटॉपला जोडला तो गॅसपायी. एकदा दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं, शेजारच्या गौरम्मांना वास आला म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, हे विसरणं आता वाढतच जाणार. मग तिनं अब्बांना एक सवय लावली. गॅस बंद केला की फोटो, गोळी घेतली की रिकाम्या पाकिटाचा फोटो, कडी लावली की कडीचा फोटो. शंका आली तर फोनमध्ये बघायचं. अब्बा, म्हणजे बंदेनवाज, जन्मभर श्रीपूरच्या कारखान्याला ऊस ओढलेला ट्रक ड्रायव्हर, आरशात बघून गाडी मागं घेणारा माणूस. बघून खात्री करायची ही रीत त्यांना एकदम पटली.

पण ऑफिसात तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ती ऑर्डरी बघते. दिवसभर समोर लॅपटॉप, आणि मन घरातल्या शेगडीवर. मग तिनं दोन्हीकडं आपलं एकच खातं घातलं, लॅपटॉपवरचा चौकोनी कोड अब्बांच्या फोननं टिपला. फोन एकेक परवानगी मागत बसला: नोटिफिकेशन दाखवू का, मेसेज दाखवू का, फोटो दाखवू का. ना वायर ना काही, अब्बांनी काढलेला फोटो थोड्या वेळानं हिच्या पडद्यावर हजर. घरच्या वायफायबाहेर गेले तरी चालावं म्हणून मोबाईल डेटावरही तिनं ते चालू ठेवलं. अब्बांना विचारूनच हे सगळं केलं, बरं का. ते म्हणाले, बग की, माझ्या फोनमदी चोरीचं काय हाय?

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, ती जरा अवघड आहे. आफरीनची आई अनिसा मागल्या वर्षी वैरागला, तिच्या माहेरी, भावाच्या घरात बसल्या जागी गेली. मातीला उशीर करायचा नाही, म्हणून तिथल्याच कबरस्तानात संध्याकाळी दफन झालं. अब्बांनी स्वतः मूठमूठ माती दिली. आणि ते विसरले. सकाळी उठले की विचारायचे, अनिसा कुटं हाय? आफरीन खरं सांगायची. ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ढसाढसा रडायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकाच बापाला एकच बातमी किती वेळा द्यायची? शेवटी एका सकाळी तिच्या तोंडून निघून गेलं, अम्मा वैरागला गेलीय, येईल. अब्बांनी चहा प्याला, पेपर उघडला. झालं, तेव्हापासून घरात हेच चालू झालं. भाऊ एजाज म्हणाला, खोटं आहे ते, अंगावर येईल एक दिवस. ती त्याच्यावर खेकसली. रोज सकाळी तू येतोस का त्यांचं रडणं बघायला, म्हणाली.

शिवाय तिनं आणखी एक केलं होतं, म्हणजे करायचं राहिलं होतं. वैरागहून आणलेल्या अम्माच्या चपला तिनं दाराशी मांडणीवर तशाच ठेवल्या होत्या. तपकिरी, अंगठ्याशी झिजलेल्या, डाव्या पट्ट्याला मोच्याची पांढऱ्या दोऱ्याची शिलाई. कुणाला द्यायला हात धजत नव्हता.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी तिनं सवयीनं फोटो उघडले. गॅसचा होता, गोळीचा होता. आणि त्यांच्या वर, सगळ्यात नवा, अम्माच्या चपलांचा. प्लास्टिकच्या पिशवीत शेजारी शेजारी नीट घातलेल्या.

फोन लावला, अब्बांनी उचलला नाही. शुक्रवारी नमाजाला जाताना फोन मुका करायचे आणि मग मुकाच ठेवायचे, ही त्यांची जुनी खोड. गौरम्मांना फोन केला, त्या बघून म्हणाल्या, दाराला कुलूप आहे. लोकेशन बघावं, तर तेही बंद. बॅटरी लवकर संपते म्हणून तिनंच बंद केलेलं. तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं: अब्बा, कुटं हाय तुमी? आणि क्षणभरात लॅपटॉपच्या कोपऱ्यात तिचंच वाक्य तिच्यापुढं येऊन उभं राहिलं. आफरीन: अब्बा, कुटं हाय तुमी? बापाच्या खिशातल्या फोनवर ते पोचलं होतं, एवढंच त्यातून कळत होतं.

तिनं फोटो ताजे करायचा गोल बाण दाबला. एसटीची पाटी आली. सोलापूर–बार्शी, मार्गे वैराग.

आफरीनला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. बायकोला आणायला निघाला होता माणूस. माहेरी गेलीय, येईल, असं पोरगी रोज सांगते, आणि चपला तर घरात. म्हणजे बाई अनवाणी गेली. तिला आणायचं तर चपला न्यायला नकोत? त्यांच्या डोक्यातलं सगळं अगदी सरळ होतं. वाकडं केलं होतं ते आफरीननं.

वैरागच्या मामूंना फोन केला, तर ते माढ्याला लग्नात, घराला कुलूप. ते म्हणाले, निघतोच, पण पोचेपर्यंत वेळ लागेल. एजाज त्याचा टेम्पो घेऊन एमआयडीसीच्या फाटकाशी आला. आफरीन केबिनमध्ये चढली, लॅपटॉप मांडीवर उघडला, आपल्या फोनचं हॉटस्पॉट त्याला दिलं. वरच्या कोपऱ्यात अब्बांच्या फोनची बॅटरी दिसत होती, लाल व्हायला आलेली. फोन बंद पडला की लॅपटॉपवर नवं काहीही येणार नव्हतं, आणि उन्हात घराचा पत्ता विसरलेला माणूस वैरागच्या बाजारात कुणाला सापडणार होता? वाटेत उसाच्या गाड्यांमागं टेम्पो रखडला की एजाज दात खायचा. मी म्हणालो होतो, असं तो एकदाही म्हणाला नाही. आफरीनला वाटत होतं, म्हणावं त्यानं, चार शिव्या द्याव्यात. तो फक्त गाडी हाणत होता.

रेंज जायची तेव्हा लॅपटॉप म्हणायचा, फोनशी जोडता येत नाही. आली की ती बाण दाबायची. एकदा खिडकीतून काढलेला, हललेला रस्ता आला. मग बराच वेळ काही नाही. मग मामूंचं दार आलं, निळं, मोठं कुलूप लावलेलं. कडीचा फोटो काढायची सवय तिनंच लावली होती.

"तितं कुणी न्हाय बघून कुटं जातील रे?" तिनं विचारलं.

एजाजनं पुढच्या गाडीला हॉर्न मारला.

कोपऱ्यात तिचा मेसेज अजून तसाच होता, त्याच्याखाली तिचे मिस्ड कॉल. ती त्यांच्याकडं बघत बसली. आणि बघता बघता ते एकामागून एक नाहीसे झाले. फोनवर कुणीतरी नोटिफिकेशन बाजूला सारली की लॅपटॉपवरूनही ती जातात, हे तिला माहीत होतं. म्हणजे अब्बांच्या हातात आत्ता फोन होता, बोटं चालत होती. ती रडायला लागली. एजाज घाबरला, काय झालं म्हणाला. जिवंत आहेत, एवढंच तिनं सांगितलं.

तिनं पुन्हा फोन लावला, उचलला नाही. बाण दाबला. आधी नुसता राखाडी चौकोन आला, मग हळूहळू चित्र भरलं.

मातीचा लांबट उंचवटा होता. त्यावर सब्जाची रोपं वाढून मंजिऱ्या आलेल्या. आणि पायाशी, शेजारी शेजारी नीट मांडलेल्या, तपकिरी चपला. डाव्या पट्ट्यावर पांढरा दोरा.

त्यांच्या घरच्या बायका कबरस्तानात जात नाहीत. अम्माला नेलं तेव्हा आफरीन मामूंच्या ओसरीवर बसून होती, खांदे बदलत जाणारा जनाजा वळणाआड गेला तिथवर तिनं बघितला. पुढचं तिला कधी कुणी दाखवलं नव्हतं, आणि तिनंही कधी मागितलं नव्हतं. आईची कबर तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितली ती अशी, हलत्या टेम्पोत, मांडीवरच्या लॅपटॉपवर. तिनं पडद्यावर हात ठेवला. तेवढ्यात लॅपटॉपनं सांगितलं, फोनशी जोडता येत नाही. बॅटरी संपली होती.

"सब्जा मीच लावलाय," एजाज म्हणाला. "त्यांना ठाऊक हाय जागा. कुलूप बघून आठवलं असंल."

कबरस्तानाच्या फाटकाशी टेम्पो थांबला. एजाज पळत आत गेला. आफरीन बाहेर लिंबाखाली उभी राहिली. अब्बा आले ते एजाजच्या दंडाला धरून, हळू, रिकाम्या पिशवीची घडी करत. त्यांचं रडून झालं होतं. तिला बघून त्यांनी आधी विचारलं, जेवलीस का. तिनं त्यांचे हात धरले आणि सगळं ओकून टाकलं. अब्बा, मी खोटं बोलले, रोज बोलले, तुमचं रडणं बघवत नव्हतं म्हणून बोलले.

अब्बांनी मान हलवली. बंद पडलेला फोन त्यांनी तिच्या हातात दिला.

"रोज इचारतो न्हवं मी? आन रोज तुजं तोंड उतरतं. कशानं उतरतं ते समजत न्हवतं. आता फोटो काढलाय. इसरलो तर दाखव, बोलू नको."

घरी येऊन फोन चार्जिंगला लावला आणि लॅपटॉप पुन्हा जोडला गेला. एजाज म्हणाला, पुसून टाकू तो फोटो, रोज बघितला तर रोज रडतील. आफरीननं ऐकलं नाही. लॅपटॉपवर दिसतो म्हणजे लॅपटॉपवर असतो असं नव्हे, तो राहतो फोनमध्येच. कधी अब्बांचंच बोट पडून पुसला गेला म्हणजे? तिनं तो फोटो वेगळा जतन करून ठेवला, लॅपटॉपवर, स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये. तो तिच्यासाठीही होता.

सकाळी अब्बा उठले, गॅसचा फोटो काढला, गोळीचा काढला. मग दाराशी गेले आणि चपलांच्या मांडणीपुढं उभे राहिले. एक जागा रिकामी होती.

"अनिसा कुटं हाय?"

आफरीनच्या ओठांवर जुनं वाक्य आलं होतं. ती बोलली नाही. लॅपटॉप आणून त्यांच्यापुढं ठेवला, फोटो मोठा केला. अब्बा वाकून बघत राहिले. चेहरा हळूहळू मोडला, डोळे भरले, पूर्वीसारखेच, पहिल्यांदा कळल्यासारखे. ती त्यांना धरून बसली आणि या वेळी तीही रडली, बापाबरोबर, लपवाछपवी न करता. बऱ्याच वेळानं अब्बांनी बोट पुढं केलं आणि पडद्यावरच्या चपलांना लावलं.

"ह्या कुणी ठेवल्या?"

"तुमीच, अब्बा. काल जाऊन ठेवल्या."

"बरं केलं," ते म्हणाले. "अनवाणीच गेली असती."

मग त्यांनी चहा मागितला, आणि तिनं गॅस लावला.