साडूसमोर सांगितलेलं उत्पन्न

मोफत वकिलासाठी कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात अर्ज करायला गेलो आणि टेबलामागे माझाच साडू बसलेला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गळ्यात ओळखपत्र, त्यावर 'विधी स्वयंसेवक'. काल-परवापर्यंत गोदामात गठ्ठे उचलायचा. चार दिवसांचं प्रशिक्षण काय घेतलं, आता न्यायाधीशांच्या इमारतीत खुर्चीवर बसतो. सासरी तर काही बोलायलाच नको. सासूबाई पहिला चहा त्याला देतात. मी थोरला जावई, माझ्या वाट्याला कोमट.

मी किल्ल्या बनवतो. जिन्याखालची सात फुटांची जागा, अठरा वर्षं भाड्याने. मालकाने जागा खाली करून मागण्यासाठी दावा लावलाय. समन्स हातात पडल्यापासून तीस दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं. वीस दिवस वकिलांच्या फी ऐकण्यातच गेले. जागा गेली तर मी काय गळ्यात किल्ल्या अडकवून फिरू?

"ये दादा, बस," साडू म्हणाला. "समन्स आणलंस? दाव्याची प्रत?"

कागद दिले. त्याने दावा क्रमांक, कोर्ट, पुढची तारीख, मालकाचं नाव सगळं टपोऱ्या अक्षरात उतरवलं. इतकं सुबक की डोळ्यांत खुपावं.

"आता उत्पन्न. सगळ्या बाजूंनी मिळून वर्षाचं."

बाकावर दोन म्हाताऱ्या, एक पोरगी, एक काठीवाला. सगळ्यांचे कान आमच्याकडे. महिन्याला अकरा हजार, बस्स. ते तोंडातून निघेना. गेल्याच महिन्यात सासरच्या जेवणात मी धंद्याच्या फुशारक्या मारल्या होत्या आणि हा समोर बसून माना डोलावत होता.

"महिन्याला अठ्ठावीस."

त्याचं पेन थांबलं. "दादा, वर्षाला तीन लाखांच्या वर जातंय. मर्यादेत बसत नाही. नीट आठव."

"मला माझी कमाई आठवत नाही का?"

"ताईंच्या नावावर दावा असता तर उत्पन्न विचारलंच नसतं. बाईला ती अट नाही. पण समन्स तुझ्या नावाचं आहे. परत एकदा विचारतो."

मला वाटलं, हा मला सगळ्यांदेखत भिकारी म्हणवून घेणार. घरी जाऊन बायकोला सांगणार, बायको सासूबाईंना. "लिही म्हटलं ना!"

त्याने लिहिलं. शपथपत्रावर मी सही ठोकली.

पाचव्या दिवशी पत्र आलं. उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त, अर्ज नामंजूर, मान्य नसल्यास अध्यक्षांकडे अपील करता येईल. बायकोने ते दोनदा वाचलं.

"अठ्ठावीस हजार? मग घरात अकराच का दिसतात? उरलेल्यात दुसरा संसार थाटलाय का?"

"तो तिथे बसला होता गं."

"कोण?"

सांगितलं. ती हसली असती तर बरं झालं असतं. "जागा गेली ना," ती म्हणाली, "तर तुमची ऐट खायला वाढीन."

सकाळी पुन्हा गेलो. अपिलाला वेळ नव्हता, म्हणून नवा अर्ज, नवं शपथपत्र असं ठरलं; या वेळी अकरा हजारच लिहिले. पण सचिव मॅडमनी आत बोलावलं. त्या स्वतः न्यायाधीश. समोर माझी दोन शपथपत्रं, मधे सहाच दिवस.

"आठवड्यात तुमचं उत्पन्न निम्म्याहून खाली आलं? खोटं शपथपत्र ही गंमत नाही. यातलं कोणतं खरं?"

साडू फाईल घेऊन दाराशी उभा होता. मॅडमनी त्याला जायला सांगितलं नाही.

"दुसरं."

"मग पहिलं का दिलंत?"

त्याच्याकडे न बघता बोललो. "हा माझा साडू. याच्यापुढे अकरा सांगवेना. हा कालपर्यंत गठ्ठे उचलायचा, मॅडम. मला सहन होत नाही."

मॅडमनी चष्मा काढला. साडूची मान खाली.

"अर्ज भरताना तुम्ही यांना सावध केलं होतं?" त्यांनी त्याला विचारलं.

इथे तो मला पुरता गाडू शकत होता.

"दोनदा विचारलं, मॅडम. पण बाकावर माणसं होती. मी यांना बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. ती माझी चूक."

मॅडमनी माझं पासबुक पानापानाने पाहिलं. दोन्ही शपथपत्रांबद्दल माझा खुलासा लेखी घेतला, पुढे खोटं निघालं तर वकील काढून घेऊ अशी तंबी दिली आणि पॅनलवरची वकीलबाई नेमून दिली. त्याच दुपारी तिने माझं म्हणणं लिहून घेतलं. अठ्ठाविसाव्या दिवशी ते कोर्टात दाखल झालं. दावा चालू आहे. मी जिन्याखालीच बसतोय.

साडूने माझी बाजू सावरली, हे सासरी कळलं. त्याने नाही सांगितलं, माझ्याच बायकोने सांगितलं. आता सासूबाई म्हणतात, जावई असावा तर असा. मोठेपणाही मेल्याने माझ्याआधी उचलला. आभार मानायला दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो. आतून सगळ्यांच्या हसण्याचा आवाज आला आणि परत फिरलो.